ड्युअल नंबर: ε ने भागता येत नाही, मग माझा डेरिव्हेटिव्ह कुठे गेला?

पंचवटी_कारंजा
नमस्कार मंडळी. एमएस्सी पहिलं वर्ष, अल्जेब्रा चालूये. काल संध्याकाळी कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत ड्युअल नंबर घेऊन बसले होते आणि एका ठिकाणी अडकले ती अजून अडकलेलीच आहे.

नंबर म्हणजे a + bε, a आणि b साधे रिअल, जास्तीचा नियम एकच की ε² = 0, पण ε स्वतः शून्य नाही. बेरीज गुणाकार नेहमीसारखे. मी 3+ε चा वर्ग केला, 9+6ε आला. घन केला, 27+27ε आला. 6 आणि 27 म्हणजे 3 ला x² आणि x³ चे डेरिव्हेटिव्ह, लिमिट नाही काही नाही, नुसत्या गुणाकारातून, मला तर वही बाजूला ठेवून दोन मिनिटं बघत बसावंसं वाटलं.

मग हौसेने (x²−9)/(x−3) घेतलं. हे x+3 आहे हे नववीपासून माहितीये, म्हणजे 3+ε टाकल्यावर 6+ε यायला पाहिजे, डेरिव्हेटिव्ह 1. मी वर टाकलं तर 6ε, खाली ε. कापलं, उत्तर 6. मग ते 1 कुठे गेलं? तीन वेळा करून बघितलं, तेच येतं. कोणी सांगेल का मी कुठे चुकतेय.

मखमलाबाद_नाका
ताई ड्युअलमध्ये प्रायमलचे कन्स्ट्रेंट ड्युअलचे व्हेरिएबल होतात, मॅक्सचं मिन होतं, तुम्ही ते उलटवलं नसेल म्हणून उत्तर जुळत नसेल. आमच्या टीवायला एलपीपीमध्ये आहे हे, नोट्स पाहिजे तर देतो.

पंचवटी_कारंजा
थँक्स दादा पण हे ते ड्युअल नाही, नाव तेवढं सारखं आहे. इथे a + bε अशा नंबरांची रिंग आहे.

निफाडचा_मास्तर
अगदी सोपं आहे बेटा. ε म्हणजे फार म्हणजे फारच लहान संख्या. ०.०००१ चा वर्ग ०.०००००००१, तो इतका बारीक की सोडून द्यायचा, म्हणून ε² = 0 लिहितात. आम्ही अकरावीला पोरांना हेच सांगायचो, डेल्टा एक्सचा वर्ग सोडा म्हणून. तुझं 6 बरोबरच आहे, ते 1 बारीक भागात गेलं म्हणून दिसत नाही.

पंचवटी_कारंजा
सर पण लहान असली तरी संख्या आहे ना, मग तिने भागता यायला हवं. पुस्तकात लिहिलंय की ε ला व्यस्त नाही. आणि 27+27ε मधला 27 पण ε च्याच जोडीला आहे, तो दिसला, मग 1 का नाही दिसला?

गोदाकाठ
प्रश्न फार चांगला पकडलायस. मी बरीच वर्षं रिंग थिअरी शिकवली, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते, चहा घेऊन वाच.

आधी भागाकार. (a+bε)(c+dε) = ac + (ad+bc)ε. हे 1 व्हायचं तर ac = 1 हवं, म्हणजे a शून्य असून चालणार नाही, आणि ad+bc = 0 वरून d = −b/a². म्हणजे a शून्य नसेल तर नंबर युनिट, त्याचा व्यस्त 1/a − (b/a²)ε. जरा थांबून ते −1/a² बघ, ते 1/x चं डेरिव्हेटिव्ह आहे, तेसुद्धा आपोआप आलं. a शून्य असेल तर उरतो bε, आणि त्याचा वर्ग शून्य. म्हणजे या रिंगमध्ये प्रत्येक नंबर एकतर युनिट आहे नाहीतर निलपोटंट, मधलं कोणी नाही.

ε ला व्यस्त का नाही हे एका ओळीत करून बघ. समज εc = 1. दोन्ही बाजूंना ε ने गुण. डावीकडे ε²c म्हणजे 0, उजवीकडे ε. म्हणजे ε = 0, आणि ते तर आपण आधीच नाही म्हटलंय.

आता तुझं गणित. तू 6ε/ε लिहिलंस आणि कापलंस. कापणं म्हणजे ε च्या व्यस्ताने गुणणं, तो नाहीये. मग खरा प्रश्न असा विचारायचा की कोणत्या q ला ε ने गुणलं की 6ε येतं? q = 6 चालतो. पण q = 6+ε पण चालतो, 6+100ε पण चालतो, कारण ε·dε शून्यच होतो. म्हणजे उत्तर 6 + काहीतरी ε असं आहे, आणि त्या काहीतरीच्या जागी कोणताही आकडा बसतो. तुला 6 मिळाला तो बरोबर, पण 0·ε असं तू मनाने धरलंस. तुझं 1 तिथे शून्य झालं नाही, ठरवताच येत नाही एवढंच.

निफाडचा_मास्तर
मॅडम तुमचं पटलं पण मग ε लहान नाही असं म्हणायचंय का? टेलरमध्ये आपण पुढची पदं सोडतोच की.

गोदाकाठ
सर, लक्षात ठेवायला तुमची रीत चांगली आहे आणि f(a+bε) = f(a) + f'(a)bε हे टेलरची पहिली दोन पदं आहेत हेही खरं. पण लहान म्हटलं की लहानमोठं ठरवावं लागतं. ε शून्याहून मोठा धरला तर त्याचा वर्गही शून्याहून मोठा हवा, लहान धरला तरी वर्ग मोठाच हवा, आणि इथे वर्ग चक्क शून्य आहे. म्हणजे धन गुणिले धन नेहमी धनच असा क्रम या रिंगवर लावताच येत नाही. दुसरं, तुमचं ०.०००१ तर युनिट आहे, त्याने खुशाल भागता येतं. म्हणून तर पंचवटीचा गोंधळ झाला, डोक्यात लहान संख्या होती म्हणून हात कापायला गेला.

बहुपदीपुरतं बोलायचं तर काही सोडून द्यावंच लागत नाही. (a+ε)ⁿ उघडलं की aⁿ, मग n·aⁿ⁻¹ε, आणि पुढच्या प्रत्येक पदात ε² आहेच. अंदाज नाही, बरोब्बर तेवढंच उरतं.

निफाडचा_मास्तर
क्रम लागत नाही हा मुद्दा मी कधी असा बघितलाच नव्हता. तरी पोरांना पहिल्यांदा सांगताना मी लहान संख्या असंच सांगेन, नाहीतर वर्ग शून्य आणि स्वतः शून्य नाही हे त्यांच्या गळी कसं उतरवायचं?

गोदाकाठ
मॅट्रिक्स दाखवा ना सर. वरची ओळ 0 1, खालची 0 0. ती शून्य नाही हे डोळ्यांनी दिसतं, वर्ग करा, सगळे शून्य. तो ε. a+bε म्हणजे वरती a b, खालती 0 a. बारावीच्या पोरालाही गुणाकार करून तपासता येतो.

सातपूरकर
मी एमआयडीसीत कॅमचे प्रोफाइल काढतो, माझा विषय गणित नाही पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे कॅमला ३-४-५ पॉलिनॉमियल वापरतात, s = 10t³ − 15t⁴ + 6t⁵, त्यावरून वेग काढायचा. मी आधी एक्सेलवाल्या पद्धतीने करायचो, t मध्ये h मिळवून वजाबाकी आणि भागिले h. वाटलं h जितका बारीक तितकं उत्तर अचूक, म्हणून 1e-17 घातला, तर जवळपास सगळीकडे वेग शून्य, कारण कॉम्प्युटरला 0.5 + 1e-17 आणि 0.5 एकच वाटतं. दीड दिवस मशीनला दोष देत बसलो होतो.

आज तुमचं बघून क्लास लिहिला. t = 0.5 ला D(0.5, 1) टाकलं, 0.5 आणि 1.875 आलं, हाताने 30t²(1−t)² काढून बघितलं, तंतोतंत तेच. h च नाही तर चुकणार काय.

```python
class D:
    def __init__(s, a, b=0): s.a, s.b = a, b
    def __add__(s, o): return D(s.a + o.a, s.b + o.b)
    def __mul__(s, o):
        if s.a == 0 or o.a == 0: return D(0)
        return D(s.a*o.a, s.a*o.b + s.b*o.a)
```

गोदाकाठ
वा, हे छान झालं. आणि तुमचं मशीनचं क्षेत्र या नंबरांना परकं नाही बरं का, क्लिफर्डने १८७३ मध्ये हे ε आणलं तेच मुळी वस्तूचं फिरणं आणि सरकणं एकत्र मांडायला.

पंचवटी, तू आता हे कर. f(x) = x³ − 4x² + x + 6 घे, त्याचे अवयव (x+1)(x−2)(x−3). आधी 5+ε टाक. अवयव होतात 6+ε, 3+ε, 2+ε. तिघेही युनिट. प्रत्येकातून आकडा बाहेर काढ, 6(1+ε/6), 3(1+ε/3), 2(1+ε/2). आता गंमत अशी की (1+bε)(1+cε) = 1+(b+c)ε, म्हणजे गुणाकाराची बेरीज होते. बाहेर 36, आत 1/6 + 1/3 + 1/2 = 1. उत्तर 36+36ε, म्हणजे f'(5) = 36. युनिट असले की गुणाकाराचा नियम असा नुसत्या बेरजेवर येतो.

मग 3+ε टाक आणि काय बदलतं ते मला सांग.

पंचवटी_कारंजा
करते मॅडम. अवयव 4+ε, 1+ε आणि तिसरा नुसता ε. तिसऱ्यातून आकडा बाहेर काढता येत नाही कारण तो शून्य आहे, युनिटच नाही. म्हणून बेरजेची युक्ती बंद. सरळ गुणलं तर (4+5ε)·ε = 4ε. आणि 5ε होतं ते मेलं! म्हणजे एक अवयव ε असला की बाकीच्यांचे ε वाले भाग सगळे मरतात, फक्त त्यांच्या किमतींचा गुणाकार उरतो, 4·1. म्हणून f'(3) = 4. आणि समजा (x−3) दोनदा असता तर ε·ε, सगळंच शून्य. म्हणजे f(a+ε) पूर्ण शून्य आलं तर a दुहेरी मूळ. हे आम्ही सिद्धांत म्हणून पाठ केलं होतं, आत्ता दिसलं.

सातपूरकर
मॅडम मी तेच f माझ्या क्लासमध्ये घातलं, अवयवांचा गुणाकार करून. D(4,1), D(1,1), D(0,1). उत्तर 0 आणि 0 येतंय. म्हणजे माझ्या हिशोबाने 3 दुहेरी मूळ आहे? पण पंचवटीताईंना 4 आलंय.

मखमलाबाद_नाका
गुणाकाराचा क्रम बदलून बघा काका.

सातपूरकर
बदलला, तेच येतंय. ती अवयवांची भानगड सोडून मूळ पॉलिनॉमियलच टाकली, हॉर्नरने, तर मात्र 4 येतंय. एकाच f ची दोन उत्तरं, आता कोणावर विश्वास ठेवू.

```python
r = D(0)
for k in [1, -4, 1, 6]:
    r = r*D(3, 1) + D(k)
print(r.a, r.b)   # 0 4
```

गोदाकाठ
हॉर्नरवर ठेवा, आणि दोन रस्त्यांनी काढून ताळा घेतलात हे फार बरं केलंत. हाताने पण जमतं बघा: 1, मग 3+ε−4 = −1+ε, मग (−1+ε)(3+ε)+1 = −2+2ε, मग (−2+2ε)(3+ε)+6 = 4ε. वाटेत कुठेच पहिला आकडा शून्य झाला नाही, म्हणून तुमची चूक तिथे लपून राहिली.

चूक तुमच्या गुणाकारातल्या त्या if मध्ये आहे. s.a शून्य असेल तर अख्खा नंबर शून्य धरता तुम्ही. पण D(0,1) म्हणजे ε, तो शून्य नाही, हाच तर सगळा विषय आहे. ती ओळ काढून टाका.

सातपूरकर
काढली. 0 4 आलं. वेळ वाचावा म्हणून घातली होती ती ओळ, साध्या नंबरांच्या प्रोग्रॅममध्ये मी नेहमी घालतो. मूळ शोधताना न्यूटनची पद्धत लावली असती तर याच 0 ने भागायला गेला असता. कॅममध्ये हे कळलंच नसतं कारण t = 0 ला वेग खरोखरच शून्य असतो.

आता एक विचारतो. मला ॲक्सिलरेशन पण लागतं. ε² शून्य झालं की ते येणार कुठून?

गोदाकाठ
ε² ठेवायचं आणि ε³ = 0 म्हणायचं. मग f(a+ε) = f(a) + f'(a)ε + (f''(a)/2)ε². ते भागिले 2 विसरू नका. तुमच्या कॅमला t = 0.25 वर ε² चा सहगुणक 2.8125 येईल, खरं ॲक्सिलरेशन त्याच्या दुप्पट, 5.625. दुप्पट करायचं नसेल तर दोन वेगळे ε घ्या, दोघांचे वर्ग शून्य पण ε₁ε₂ शून्य नाही. (ε₁+ε₂)² = 2ε₁ε₂ होतं, तो 2 त्या 2 ला खातो आणि ε₁ε₂ चा सहगुणक सरळ f'' निघतो.

आणि पंचवटी, तुझं हरवलेलं 1 इथेच सापडतं. ε³ = 0 ठेवून x²−9 मध्ये 3+ε टाक: 6ε+ε². तो ε² बघितलास? त्याचा सहगुणक 1. जुन्या रिंगमध्ये तू भागायच्या आधीच तो पुसला गेला होता. आता ε·q = 6ε+ε² सोडव, q = 6 + ε + काहीही ε². किंमत पक्की, डेरिव्हेटिव्ह पक्का, अनिश्चितता एक घर पुढे सरकली. ε ने एकदा भागायचं असेल तर एक घात जास्त घेऊन निघायचं, दोनदा भागायचं तर दोन.

पंचवटी_कारंजा
मॅडम, सापडलं!! 6ε+ε² लिहिलं आणि समोरच होतं. म्हणजे कापायला गेले ही एक चूक, पण नसते गेले तरी ते 1 तिथे उरलेलंच नव्हतं.

निफाडचा_मास्तर
मग वर्गमुळाचं काय? √x ला 0 वर हे लावलं तर?

गोदाकाठ
सर, ε चं वर्गमूळ शोधून बघा. (c+dε)² = c² + 2cdε. हे ε व्हायचं तर c² = 0, म्हणजे c = 0, मग 2cd पण 0. डावीकडे शून्य, उजवीकडे ε. वर्गमूळ अस्तित्वातच नाही, आणि 0 ला √x चा डेरिव्हेटिव्हही नाही. 4+ε चं मात्र आहे, 2 + ε/4.

निफाडचा_मास्तर
लहान संख्येला तर वर्गमूळ असतंच. इथे मात्र माझी रीत साफ पडली. मॅट्रिक्सवालं उद्याच नातवाला दाखवतो.

पंचवटी_कारंजा
अजून एक आणि मग थांबते. काल रात्री a, b रिअलच्या ऐवजी Z/4 मधले घेतले, 0 1 2 3. f(x) = x² मध्ये 2+ε टाकलं: 4 + 4ε, म्हणजे पूर्ण शून्य. आपल्या नियमाने 2 दुहेरी मूळ. पण 0 पण दुहेरी मूळ आहेच. दोन घाताच्या पॉलिनॉमियलला दोन दुहेरी मुळं? वाटलं नियम तुटला, म्हणून (x−2)² उघडलं, x² − 4x + 4, आणि Z/4 मध्ये ते x² च आहे. म्हणजे नियम बरोबर, दोन्ही खरोखर दुहेरी.

आणि तिथे 2 स्वतःच निलपोटंट आहे, ε च्या आधीपासून. मग 2+ε पण निलपोटंट, 1+ε आणि 3+ε युनिट.

सातपूरकर
मग मुळं किती धरायची, दोन का चार?

गोदाकाठ
युनिटचं बरोबर आहे, a विषम हवा. f(a) आणि f'(a) दोन्ही शून्य असले की (x−a)² ने भाग जातो, हे कोणत्याही कम्युटेटिव्ह रिंगमध्ये चालतं, म्हणून तुझा नियम टिकला. पण मुळं मोजून घाताशी जुळवण्याची सवय फील्डमधली आहे, 2·2 = 0 असलं की ती चालत नाही. सातपूरकर, तुमच्या किती धरायचीला माझ्याकडे एक उत्तर नाही, कशासाठी मोजताय त्यावर आहे. पंचवटी, तू x² ऐवजी x²−1 घे, Z/8 मध्ये, आणि 1, 3, 5, 7 चौघांत +ε घालून काय येतं ते इथे टाक.

पंचवटी_कारंजा
चौघांत पहिला आकडा शून्यच येतोय, आणि ε चा सहगुणक 2, 6, 2, 6. शून्य एकदाही नाही पण युनिटही नाही. दुहेरी नाही म्हणायचं, पण मग साधं तरी म्हणायचं का?